चौदा नंबरचा जुना ड्रेस कुणाला बसतो?

अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या शहरात जुन्या कपड्यांचं एखादं तरी चांगलं दुकान असतंच. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी तिकडे गेलेल्या मराठी मुलींना या दुकानांचा लवकरच लळा लागतो. १९५०-६०च्या दशकातला, जाड सुती कापडाचा, घेरदार स्कर्टचा ड्रेस तिथे नव्या ड्रेसच्या किमतीत किंवा त्याहूनही स्वस्तात मिळून जातो. मात्र आतलं लेबल पाहिलं की घोटाळा सुरू होतो. लेबल म्हणतं, १४. मॉलमध्ये आठ नंबर घेणारी मुलगी ‘हा तर माझ्या दुप्पट’ म्हणून तो परत टांगून ठेवते. खरं तर तो ड्रेस तिला सैल होण्याऐवजी घट्ट होण्याचीच शक्यता जास्त असते. पलीकडच्या हँगरवरचा जुना आठ नंबर तिने उचलला, तर तो खांद्यांच्या खालीही उतरणार नाही.

हा फरक किती मोठा आहे हे दोन सरळ आकड्यांवरून कळतं. अमेरिकेच्या १९५८च्या मानकात आठ नंबर म्हणजे छाती ३१ इंच आणि कंबर साडेतेवीस इंच. १९९५ साली एएसटीएम या संस्थेने काढलेल्या तक्त्यात त्याच आठ नंबरची छाती ३५ आणि कंबर २७ झाली. नंबर तसाच राहिला आणि त्यातली बाई साडेतीन-चार इंचांनी वाढली. दुकानातले आजचे कपडे या तक्त्याहूनही सैल निघतात, कारण तो पाळण्याची सक्ती कुणावरच नाही.

मुळात हे आकडे आले कुठून, ते थोडं समजून घेतलं तर खरेदी करताना गोंधळ कमी होतो. टपालाने कपडे विकणाऱ्या कंपन्यांकडे विकलेला माल मापाच्या तक्रारींसह परत येत असे, आणि त्यांना काहीतरी समान माप हवं होतं. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या गृहअर्थशास्त्र विभागातल्या रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांनी १९३९-४० मध्ये सुमारे १५,००० स्त्रियांची मापं घेतली होती. एकेका स्त्रीची पन्नासहून जास्त मापं घेतली गेली. पण अंतिम हिशेबात फक्त गोऱ्या स्त्रियांची मापं धरली, बाकीच्यांची बाजूला ठेवली. शिवाय मापं देण्याबद्दल थोडे पैसे मिळत असल्यामुळे मंदीच्या त्या दिवसांत गरजू स्त्रिया जास्त आल्या असणार. याच मापांच्या आधारावर पुढे १९५८ साली ‘सीएस २१५-५८’ हे व्यापारी मानक निघालं. ते ऐच्छिक होतं. १९७०मध्ये त्यात बदल करून मापं वाढवली आणि १९८३मध्ये सरकारने ते मागेच घेतलं. त्यानंतर प्रत्येक कंपनीने आपापल्या गिऱ्हाइकाला सुखावेल असा नंबर लावायला सुरुवात केली. लहान नंबर बसला की गिऱ्हाईक खूश होतं, हे व्यापाऱ्यांना कळायला वेळ लागला नाही.

म्हणून जुन्या ड्रेसच्या लेबलवरून आजचा नंबर काढायचाच असेल तर ढोबळ हिशेब असा: १९५०-६०च्या दशकातल्या लेबलमधून सहा ते आठ वजा करावेत. जुना १६ म्हणजे आजचा आठ किंवा दहा. हा हिशेब रांगेतून हात फिरवताना कुठला हँगर बाहेर काढायचा एवढंच ठरवायला वापरावा. पैसे देण्याचा निर्णय त्यावर कधीही घेऊ नये.

जुन्या लेबलांवर आणखी दोन प्रकारचे नंबर भेटतात आणि ते हमखास फसवतात. एक म्हणजे अर्धे नंबर: साडेचौदा, साडेसोळा. हे चौदा आणि सोळाच्या मधलं माप नव्हे. ती बुटक्या, अंगाने भरलेल्या, कमरेपर्यंतची उंची कमी असलेल्या स्त्रियांसाठीची वेगळी मालिका होती. उंच मुलीने साडेसोळाचा ड्रेस घेतला तर छातीला बसेल, पण कंबर बरगड्यांवर येईल. उलट उंची पाच फुटांच्या आसपास आणि अंग भरलेलं असेल तर हे अर्धे नंबर आवर्जून शोधावेत. आजच्या दुकानांत त्यांच्यासारखं फारसं काही मिळत नाही. दुसरे म्हणजे विषम नंबर: ७, ९, ११. हे ‘ज्युनियर’ माप. यात छाती थोडी वर धरलेली असते आणि कमरेपर्यंतची उंचीही कमी असते.

घरी शिवलेल्या कपड्यांची गोष्ट निराळी आहे. अमेरिकेत त्या काळी घरोघरी मशीनवर ड्रेस शिवले जात आणि त्यासाठी कागदी पॅटर्न विकत मिळत. असे ड्रेस जुन्या बाजारात भरपूर आहेत आणि त्यांना लेबलच नसतं. कधीकधी विकणारा मूळ पॅटर्नचं पाकीट सोबत देतो आणि पाकिटावरचा नंबर सांगतो. त्या पाकिटाचं साल महत्त्वाचं. १९६७-६८च्या सुमारास मोठ्या पॅटर्न कंपन्यांनी मिळून मापं बदलली. त्याआधी १२ नंबर म्हणजे ३२ इंच छाती होती, त्यानंतर १२ म्हणजे ३४ झाली. तेव्हापासून मात्र पॅटर्नची मापं जवळजवळ तिथेच थांबली, आजही १२ नंबरच्या पॅटर्नची छाती ३४च आहे. दुकानातला तयार ड्रेस आणि पॅटर्न यांच्यात आज जे अंतर दिसतं ते यामुळे. पाकिटावर छातीचं माप इंचांत छापलेलं असतं. नंबर न पाहता तेच पाहावं.

इंग्लंडात राहणाऱ्यांसाठी आणखी एक खबरदारी. ब्रिटिश १२ म्हणजे साधारण अमेरिकन आठ, त्यामुळे कपडा कुठल्या देशात शिवला गेला हे आधी पाहावं. चाळिशीच्या दशकातल्या ब्रिटिश कपड्यांवर कधी डब्ल्यू, डब्ल्यूएक्स, ओएस अशी अक्षरंही दिसतात. डब्ल्यू म्हणजे सर्वसाधारण बाई, डब्ल्यूएक्स त्याहून रुंद, ओएस सर्वांत मोठी. युद्धकाळात सरकारने कापडाच्या बचतीसाठी आखून दिलेल्या कपड्यांवर ‘सीसी ४१’ची खूण असते. ती १९४१ ते १९५२ या काळातली. तिथे घेर आणि शिवणीतली माया दोन्ही मोजून-मापून दिलेली असल्याने कपडा नंतर सैल करता येईल अशी आशा धरू नये.

कपडा कुठल्या काळातला हे ओळखता आलं तर लेबलवरच्या नंबरचा अर्थ लागतो, आणि त्यासाठी आतली बाजू उलटून पाहणं पुरतं. धुण्याच्या सूचनांची कायमची पट्टी शिवण्याचा नियम अमेरिकेत १९७२ साली लागू झाला. ती पट्टी कारखान्यातच शिवलेली असेल तर कपडा बहुधा त्यानंतरचा. कापडात कुठला धागा किती टक्के आहे हे लिहिणं १९६०पासून बंधनकारक झालं. निळ्या-लाल-पांढऱ्या रंगातलं आयएलजीडब्ल्यूयू या स्त्रियांचे कपडे शिवणाऱ्या कामगारांच्या संघटनेचं लेबल असेल तर कपडा १९७४ ते १९९५मधला. धातूची चेन, तीही डाव्या कुशीला, असेल तर बहुतेक पन्नाशीच्या दशकातला किंवा त्याआधीचा. प्लास्टिकच्या दातांची चेन साठीच्या दशकात रुळली. अर्थात चेन बदललेली असू शकते आणि पट्टी कापलेली असू शकते, म्हणून एकाच खुणेवर भिस्त ठेवू नये.

आता खऱ्या कामाकडे. जुना कपडा घ्यायचा तर स्वतःची मापं माहीत हवीत, आणि इथे मराठी बायकांची एक जमेची बाजू आहे. साडीवरचं शिंप्याने बेतून दिलेलं पोलकं घरात असतंच. ते न ताणणाऱ्या कापडाचं, अंगाबरोबर बसणारं, टक्स घातलेलं असतं, म्हणजे १९५०च्या ड्रेसच्या वरच्या भागाची सगळी लक्षणं त्याच्यात असतात. नीट बसणारं एक पोलकं काढावं, हुका लावून टेबलावर पालथं पसरावं आणि मापं लिहून ठेवावीत: एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत, खांद्याच्या एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत, मुंढा, दंडाचा घेर. पोलक्यात सैलपणा अगदी कमी असतो, त्यामुळे ही मापं म्हणजे किमान मर्यादा. ज्या जुन्या ड्रेसचा मुंढा पोलक्याच्या मुंढ्याहूनही लहान आहे तो हातात घेऊन उपयोग नाही, कारण मुंढा मोठा करायला कापड लागतं आणि ते तिथे नसतं. कंबर आणि सीट ही दोन मापं पोलक्यातून मिळत नाहीत, ती अंगावर टेप धरून घ्यावी लागतात. कंबर म्हणजे सर्वांत बारीक जागा. आजची जीन्स जिथे बसते तिथे घेतलेलं माप जुन्या ड्रेसला लागू पडत नाही, ते तीन-चार इंचांनी चुकतं.

ड्रेसही तसाच मोजायचा. चेन लावून, बटणं लावून, सपाट पसरून, कापड न ताणता. कंबरेचं माप शिवणीवर घ्यावं. मानेमागच्या हाडापासून कमरेच्या शिवणीपर्यंतची पाठीची उंची हे माप बहुतेक जण विसरतात आणि तेच सर्वांत जास्त वेळा अडतं. रुंदीची मापं दुप्पट करावीत आणि मग अंगाच्या मापाशी ताडून पाहावीत. ताणणारा धागा १९५८मध्ये सापडला, पण रोजच्या कपड्यांत तो १९८०नंतर सर्रास आला. त्याआधीच्या विणलेल्या कापडाच्या ड्रेसला अंगाच्या मापापेक्षा छातीत किमान दोन इंच, कमरेत एक इंच आणि सीटला दोन इंच जास्त हवेत. याहून कमी असेल तर उभं राहून आरशात ड्रेस छान दिसेल, पण खुर्चीत बसल्यावर चेन तटातटा ताणेल. त्या काळच्या बायका आतून कमरेला घट्ट आवळणारा कंबरपट्टा घालत, हेही ध्यानात ठेवावं. ड्रेसची कंबर त्या आवळलेल्या मापावर बेतलेली असे.

एक उदाहरण शेवटपर्यंत करून पाहू. समजा, एका मुलीची छाती ३६, कंबर साडेअठ्ठावीस, पाठीची उंची साडेपंधरा इंच आहे. दुकानात ती आठ किंवा दहा नंबर घेते. तिच्यासमोर बिनबाह्यांचा, चुणीदार स्कर्टचा सुती ड्रेस आहे. लेबल १४, डाव्या कुशीला धातूची चेन. सपाट ठेवल्यावर काख ते काख साडेअठरा, म्हणजे छाती ३७. कंबर पावणेचौदा, म्हणजे साडेसत्तावीस. पाठीची उंची साडेपंधरा. तिला हवेत छातीत ३८ आणि कमरेत साडेएकोणतीस. म्हणजे छातीत एक इंच कमी, कमरेत दोन इंच कमी, उंची बरोबर. स्कर्ट चुणीदार असल्याने सीटचा प्रश्नच नाही.

आता ड्रेस उलटा करायचा. उजव्या कुशीच्या शिवणीत दोन्ही बाजूंना एकेक इंच माया दिसते. पोलकं उसवून सैल करताना शिंपी जे करतो तेच इथे करायचं. शिवण उसवून दोन्ही बाजूंना अर्धा इंच ठेवला तर पुढच्या आणि मागच्या भागाला प्रत्येकी अर्धा, असा एकूण एक इंच मिळतो. छाती ३८ झाली, काम भागलं. कंबर साडेअठ्ठावीस झाली, अजून एक इंच हवा. तो डाव्या कुशीतून काढायचा तर चेन काढून पुन्हा बसवावी लागेल, आणि जुन्या चेनची पट्टी जीर्ण असेल तर ती या कामात फाटू शकते. त्यापेक्षा कमरेवरचे टक्स पाहावेत. पुढे दोन आणि मागे दोन टक्स असतील आणि प्रत्येकातून पाव इंच सोडला तर नेमका एक इंच सुटतो. मग कमरेची शिवण उसवून स्कर्टच्या चुण्या नव्या मापात सारख्या पसरायच्या. आत कमरेला फीत शिवलेली असेल तर ती दोन इंच लांब असलेल्या नव्या फितीने बदलायची, नाहीतर सगळं करूनही कंबर जुन्या मापातच अडकते. काखेतल्या पट्टीचा तुकडाही उसवून वाढवावा लागेल.

यात एक खोट राहते. सगळी वाढ छातीत उजव्या बाजूला गेल्यामुळे ड्रेसची मध्यरेषा पाव इंच डावीकडे सरकते. बारीक फुलांच्या कापडात ती कुणाला दिसत नाही. समोर बटणांची रांग किंवा रुंद पट्टे असतील तर जाणवेल, आणि मग दोन्ही कुशी उसवण्याशिवाय इलाज नाही.

हे सगळं करण्याआधी कापड पाहावं. उसवलेल्या शिवणीच्या जागी सुईची भोकं राहतात. सुती आणि लोकरीत ती वाफेने आणि धुण्याने बरीच मिटतात. सॅटिन, तफेता आणि मखमलीत कायमची दिसतात. आत दडलेली माया उन्हात कधी गेलेली नसते, त्यामुळे तिचा रंग बाहेरच्या कापडाहून गडद असू शकतो. शिवणीची एक कड बोटाने उघडून दोन्ही रंग शेजारी पाहिले की लगेच कळतं. काखेतलं कापड उजेडासमोर धरावं. घामाने ते विरलं असेल तर तिथे प्रकाश जास्त येतो, आणि असा ड्रेस नुसता मापात बसून चालत नाही, चांगला सैल असेल तरच टिकतो. उभ्या-आडव्या चिरा पडलेल्या जुन्या रेशमाला मात्र काहीच उपाय नाही. ते प्रत्येक वेळी घातल्यावर आणखी फाटत जातं.

आणि माया नसेलच तर? सत्तरीनंतरच्या कारखान्यात शिवलेल्या पुष्कळ कपड्यांत शिवणी ओव्हरलॉकने जेमतेम कापड ठेवून कापलेल्या असतात. तिथे आहे तेच माप शेवटचं समजावं. पाठीची उंची कमी असेल तरही ड्रेस ठेवून द्यावा, कारण कमरेच्या शिवणीत सहसा अर्ध्या इंचाहून जास्त काही मिळत नाही. याउलट जास्त मोठा ड्रेस लहान करणं सोपं वाटतं, पण खांदे आणि मुंढा दोन्ही सैल असतील तर ते जवळजवळ नव्याने शिवण्याइतकं काम आहे. कंबर आणि कुशी सैल आणि खांदे बरोबर, असा ड्रेस सर्वांत फायद्याचा.

घरबसल्या मागवताना ही सगळी मापं विक्रेत्याकडून मागवून घ्यावी लागतात. ‘आजच्या मीडियमला बसेल’ हे त्याचं मत आहे, त्याला माप समजू नये. ‘कंबर १४’ असं लिहिलेलं असेल तर ते सपाट ठेवून घेतलेलं की पूर्ण, हे विचारावं. प्लास्टिकच्या पुतळ्यावरचा फोटो असेल तर पाठीमागूनचाही फोटो मागावा. चेन अर्धीच लागली आहे किंवा मागून चिमटे लावून ड्रेस आवळला आहे, हे त्यातच कळतं. शिवणीची आतली बाजू टेप लावून दाखवणारा एक फोटो मागितला तर चांगला विक्रेता नाही म्हणत नाही. तो नाही म्हणाला तर त्या ड्रेसमध्ये माया नाही असंच धरून किंमत ठरवावी.

पुरुषांच्या कपड्यांत ही भानगड कमी आहे, कारण कोटाचा ४० नंबर म्हणजे ४० इंच छाती हे फारसं बदललेलं नाही. अपवाद जीन्सचा. जुन्या, आधी न आटवलेल्या डेनिमच्या जीन्सवर ३४ लिहिलेलं असेल तर ते धुण्यापूर्वीचं माप. हे कापड सुमारे दहा टक्क्यांपर्यंत आटतं, त्यामुळे ती ३४ची जीन्स प्रत्यक्षात ३१ किंवा ३२ भरते आणि लांबीतही दोन-तीन इंच गमावलेली असते. नव्या पँटच्या बाबतीत नेमकं उलटं घडतं: लेबलवर ३४ आणि पट्टा मोजला तर ३६. दोन्ही कपड्यांवर एकच आकडा आणि फरक चार-पाच इंचांचा. म्हणून जुनी जीन्स घेताना स्वतःच्या रोजच्या पँटचं लेबल आठवू नये. ती पँट बटण लावून सपाट पसरावी, पट्टा, मांडी आणि आतली शिवण मोजून घ्यावी आणि हे तीन आकडे खिशात ठेवून दुकानात जावं.